‘नांदत नाही’ म्हणजे काय?

(वर्षावासातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात केलेल्या भाषणाचं लेखी रूप. ज्या ताईंची गोष्ट यात आहे त्यांना आधी विचारलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मला आयोजकांनी विषय दिला होता ‘उच्चशिक्षण आणि आपला समाज’. त्यावर बोलायची तयारीही केली होती. पण मागच्या महिन्यात आपल्याच गल्लीत एक हळद झाली, आणि त्या हळदीत मी जे केलं ते डोक्यातून जात नाही. म्हणून आज त्यावरच बोलते. कुणाला राग आला तर खिचडीच्या वेळी मला गाठा.

हळदीला नवरीच्या आईने आवाज दिला, “पाच सवाष्णी पुढं या गं.” पाच जणी आल्या. नवरीचा ब्लाऊज जिने दोन रात्री बसून शिवला, ती ताई मागे पातेल्यांजवळ बसून राहिली. तिला कुणी येऊ नको म्हटलं नाही. फक्त बोलावलं नाही. नंतर हळदीची वाटी माझ्या हातात आली. मी ती वाटी घेऊन रांगेने सगळ्या बायकांना हळद लावत गेले आणि ताईच्या अलीकडे येऊन वळले. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, बहिष्कार या विषयावर पीएच.डी. करतेय, आणि माझे पाय आपोआप वळले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. ते हसणं सवयीचं होतं.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पत्रिकेवरून गणपती काढला, बुद्धाचं चित्र घातलं. भटजी गेला, सप्तपदी गेली, त्रिसरण-पंचशील आलं. पण सवाष्ण राहिली. नवरा ज्याच्या जागी आहे ती शुभ आणि ज्याचा नाही ती बाजूला, हा हिशोब कुठल्या धम्मात बसतो? मंत्र बदलले, बायकांची रांग तशीच राहिली.

आता जरा शब्दांकडे बघू. ताईबद्दल वस्तीत काय म्हणतात? “ती नांदत नाही.” मराठीत नांदणं हे काम बाईचंच आहे. “तो नांदत नाही” असं कुणी पुरुषाबद्दल म्हटलेलं तुम्ही ऐकलंय का? घरजावयाबद्दल चेष्टेने म्हणतील तेवढंच. दारू पिऊन मारणारा, पगार घरी न देणारा, दुसरीकडे संसार थाटणारा, यातला कुणीही ‘नांदत नसतो’, पण ते क्रियापद त्याला लागत नाही. बाकीचे शब्दही घ्या. ‘टाकलेली’, ‘सोडलेली’, ‘माहेरी बसलेली’. ताई पहाटे पाचला उठते, दोन घरचे डबे करते, दुपारी शिलाई, संध्याकाळी पोरीचा अभ्यास. आणि म्हणायचं बसलेली.

‘टाकलेली’ या शब्दावर महाराष्ट्रात मोठं काम झालं आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी संगमनेर भागात अशा बायका संघटित झाल्या, परिषदा झाल्या. निशा शिवूरकर यांचं ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक त्याच चळवळीतून आलं आहे. त्या बायकांचा मुद्दा साधा होता: आम्हाला ना नवरा आहे, ना घटस्फोट. २०११च्या जनगणनेतही हेच दिसतं. देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेले सुमारे साडेतेरा लाख, आणि विभक्त राहणारे त्याच्या जवळपास तिप्पट. म्हणजे आपण ‘घटस्फोटित’ म्हणून ज्यांच्याबद्दल कुजबुजतो, त्यातल्या बहुतेकींनी कोर्टाची पायरीही चढलेली नसते. तारखांना मजुरी बुडते, वकील पैसे मागतो, म्हणून ते राहूनच जातं. आपली ताईही त्यातलीच. चौदा वर्षं वेगळी राहते. कागदावर आजही तिचं लग्न शाबूत आहे.

या गोष्टीकडे मी ‘घरगुती भानगड’ म्हणून बघत नाही, त्याचं कारण बाबासाहेब आहेत. मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आपण त्यातलं एक वाक्य लक्षात ठेवतो, की जातीबाहेर लग्न न करणं हा जातीचा गाभा आहे. पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. ते पुढचा प्रश्न विचारतात. लग्नं जातीतच व्हायची असतील तर जातीत बायका आणि पुरुष यांची संख्या जुळायला हवी. पण माणसं मरतात. नवरा मेला की एक बाई ‘जास्तीची’ होते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती, आणि जातीतच केलं तर दुसऱ्या कुणा मुलीचा वाटा जाईल हीही भीती. मग तिचं करायचं काय? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. म्हणजे तिला संपवायचं, नाहीतर कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही इतकी कोमेजवायची.

त्या निबंधात घटस्फोटित बाईचा विचार वेगळा केलेला नाही. पण मांडणी तिथपर्यंत पोचते. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाईही जातीच्या हिशोबात ‘जास्तीची’च. आज तिला कुणी जाळत नाही, केशवपन करत नाही. तिला लग्नात मागे बसवतात. ती नवी साडी नेसली की “कुणासाठी?” विचारतात. रात्री आठला कामावरून आली की गल्लीतला गप्पांचा आवाज एकदम खाली येतो. आपण ज्याला कुजबुज म्हणतो, ती कोमेजवण्याचीच रीत आहे. सत्तर वर्षं जातीविरुद्ध बोलणारी वस्ती जातीचंच काम फुकटात करून देते.

इथे कुणी म्हणेल, आपल्यात हे पहिल्यापासून होतं का? माझी आजी हसायची या प्रश्नाला. तिच्या मावशीने ‘पाट’ लावला होता. विदर्भात त्याला कुणी म्होतूर म्हणतं. नवरा मेला किंवा काडीमोड झाला तर बाई दुसरं घर करी. ब्राह्मणांत जे पाप होतं ते महारांत, कुणब्यांत, कितीतरी कष्टकरी जातींत रूढ होतं. मात्र त्या काळाचं सोनं करून सांगायला मला आवडत नाही. पाट रात्री, अंधारात लागायचा. पाटाच्या बाईचा मान लग्नाच्या बाईपेक्षा कमी. काडीमोड जातपंचायतीसमोर, आणि दंड बहुतेकदा बाईच्या बापाला. तरी एक गोष्ट होती, तिला पुन्हा जगता येत होतं आणि त्याला नाव होतं.

मग आपल्या शिकलेल्या पिढीत हे जास्त का घट्ट झालं? मला वाटतं, आपण शिकलो, सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि शेजारच्या देशपांड्यांच्या नजरेतून स्वतःच्या घराकडे बघायला लागलो. “त्यांच्यात असंच चालतं” हे ऐकायची भीती. ती भीती खोटी नाही, आपण ते ऐकलेलं आहे. पण त्या भीतीची किंमत आपण ताईकडून वसूल करतो. स्वतः इज्जतदार दिसण्यासाठी तिला मागे बसवतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी विषय बदलला ती सांगते. कुजबुजीने फक्त मन दुखतं असं वाटत असेल, तर ती कागदावर कशी उतरते ते ऐका.

ताईची मुलगी मागच्या वर्षी बारावी झाली. मार्क चांगले. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा. त्याला जात प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राची वैधता, म्हणजे आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो ती, जिल्हा जात पडताळणी समितीकडून घ्यावी लागते. इथे बसलेल्या अर्ध्या लोकांनी ती फाईल स्वतः डोक्यावर वाहिली आहे. त्या फाईलमध्ये काय लागतं आठवा. मुलीचा शाळेचा दाखला. वडिलांचा दाखला. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातला जातीची नोंद असलेला पुरावा. वंशावळीचं शपथपत्र. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर त्याची प्रत. म्हणजे सगळा कागद बापाच्या बाजूचा. जिने चौदा वर्षं वाढवलं तिच्या बाजूचा एकही नाही, जरी ती त्याच जातीची असली तरी.

ताईने नवऱ्याला फोन केला. त्याने उचलला नाही. मुलीच्या चुलत चुलत्याकडे व्हॅलिडिटी होती, तो नोकरीला आहे. मायलेकी बसने त्याच्या घरी गेल्या. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, “वहिनी, मला काय अडचण नाही, पण भावकीत बोलतात. पोरगी त्याचीच कशावरून, असं बोलतात.”

मुलगी समोर बसली होती. अठराला दोन महिने कमी.

ही कुजबुज कुठून निघाली ते मला माहीत आहे. ताई माहेरी आली त्या वर्षी आपल्याच वस्तीत नळावर निघाली. ती गंमत होती. वेळ घालवायला केलेली गंमत. ती एसटीने सासरच्या गावाला पोचली आणि चौदा वर्षांनी एका मुलीच्या प्रवेशाच्या आड उभी राहिली. कायद्याने त्या बोलण्याला काडीची किंमत नाही. लग्न कायम असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं पुराव्याचा कायदा धरून चालतो. जुन्या कायद्याचं कलम ११२ होतं, नव्या साक्ष अधिनियमात ते ११६ आहे. पण चुलत्याला कायदा नको होता, निमित्त हवं होतं.

खरं कारण नंतर कळलं. वंशावळीच्या शपथपत्रात मुलीचं नाव आलं की उद्या ती दोन एकरांत वाटा मागेल, ही भीती. अशा वेळी चारित्र्याबद्दल बोललं जातं तेव्हा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्यावं, ही मी फील्डवर्कमध्ये शिकलेली गोष्ट आहे. आईबापांच्या विभक्त राहण्याने मुलीचा हक्क जात नाही, ती वंशावळीत असो वा नसो. तेव्हा कागद अडवून त्याची जमीन वाचणार नव्हती. पोरीचं वर्ष मात्र जाणार होतं. प्रवेशानंतर दिलेल्या मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही तर राखीव जागा हातची जाते आणि फी खुल्या वर्गाची.

मग ती झाली कशी? त्याच गावातले एक निवृत्त गुरुजी. ते ना ताईचे नातेवाईक, ना ओळखीचे. मायलेकी बसस्टँडवर बसलेल्या त्यांनी पाहिल्या, विचारपूस केली. “सून कुणाची, भांडण काय” हे विचारलं नाही. विचारलं, “आजोबा कुठल्या शाळेत होते?” दुसऱ्या दिवशी ते त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. जुन्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये वडिलांची नोंद सापडली, तिचा उतारा मुख्याध्यापकांनी अर्जावर दिला. आजोबा शाळेतच गेले नव्हते. मग गुरुजी म्हणाले, कोतवाल बुक बघू. गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना १४, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. अर्ज केला, तीन हेलपाटे झाले. चाळीसच्या दशकातल्या एका पानावर पणजोबांच्या नावासमोर मुलगा जन्मल्याची नोंद आणि जात ‘महार’ असं मोडीवळणी अक्षरात सापडलं. तो मुलगा म्हणजे हिचे आजोबा.

समितीने प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवलं. पथकाचे लोक गावात चौकशीला येतात, शाळा बघतात, शेजाऱ्यांना विचारतात. इथे पुन्हा सगळं माणसांच्या बोलण्यावर येतं. गुरुजींनी जबाब दिला, आणि त्यांच्यामुळे आणखी दोन म्हाताऱ्या माणसांनी दिला. व्हॅलिडिटी मिळाली. मुदत संपायला नऊ दिवस होते.

आईच्या जातीवर प्रमाणपत्र मिळतच नाही का, असं मला इथली मुलं विचारतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई नायका यांच्या खटल्यात सांगितलं आहे की मूल बापाचीच जात घेतं हे गृहीतक अंतिम नाही. त्या खटल्यात आई आदिवासी आणि बाप उच्च जातीतला होता. मूल कुणी वाढवलं, कुठल्या समाजात वाढलं, त्या समाजाने त्याला आपलं मानलं का, त्याने त्या समाजाचे अपमान भोगले का, हे पुराव्याने तपासायचं. म्हणजे एकट्या आईच्या मुलाला दार आहे. पण नीट ऐका, त्या दाराची एक किल्ली ‘समाजाने आपलं मानलं’ ही आहे. ती किल्ली न्यायाधीशाकडे नाही, तुमच्या-माझ्याकडे आहे. ज्या आईला आपण हळदीत मागे बसवतो, तिच्या लेकराला उद्या आपण कुठल्या तोंडाने आपलं म्हणणार आहोत?

सरकारी कागद हळूहळू बदलतो आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लिहायचं ठरलं. चांगलं झालं. पण ती मुलं बारावीला पोचायला अजून बराच अवकाश आहे, आणि नाव आधी आलं तरी वंशावळ बापाचीच राहील.

मागच्या आठवड्यात हे सगळं मी इथल्या एका ज्येष्ठ काकांना सांगितलं. त्यांनी आयुष्य चळवळीत घालवलंय, म्हणून त्यांचं म्हणणं टाळून पुढे जाणार नाही. ते म्हणाले, “बाळ, तू म्हणतेस ते खरं, पण आपण असं उघड बोलायला लागलो तर पोरी उठसूट घर सोडतील.” काका, मी माझ्या संशोधनासाठी ज्या बायकांशी बोलले, त्यातली एकही उठसूट निघाली नव्हती. बहुतेकींनी चार-चार, पाच-पाच वेळा परत जाऊन पाहिलं होतं. परत जाण्याचं कारण विचारलं तर प्रेम फार थोड्या जणींनी सांगितलं. “माहेरी लोक काय म्हणतील” हे मात्र सगळ्यांनी. म्हणजे कुजबुजीने घर टिकलं नाही, मार खाण्याचे दिवस वाढले. अजून एक. हिंदू कोड बिलात घटस्फोटाची तरतूद होती, आणि ते बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, हे तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलं होतं. मी सातवीत होते.

पुरुषांबद्दल थोडं. आपल्या मागच्या गल्लीत एक दादा दोन मुलांना एकटा सांभाळतो. त्याच्याबद्दल “बायको टिकवता आली नाही” म्हणतात, आणि त्याने पोरीची वेणी घातली की पोरं हसतात. त्याला हळदीतून कुणी उठवत नाही, त्याची भाड्याची खोली जात नाही, तेव्हा दोन्ही दुःखं सारखी आहेत असं मी म्हणणार नाही. पण पोरीच्या पहिल्या पाळीच्या दिवशी तो दुकानात जाऊन काय मागायचं ते न कळून परत आला, आणि शेजारच्या एकाही बाईने दार उघडून विचारलं नाही, कारण एकट्या पुरुषाच्या घरी गेलं की आपल्यावर बोलतील. त्या मुलीने ते तीन दिवस कसे काढले असतील?

२०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकलं तर गुन्हा आहे. आपल्याकडे पंचायत नाही, ठराव नाही, सही नाही. न बोलावणं आहे. त्यावर कुठलं पोलीस ठाणं तक्रार लिहून घेणार? ते आपल्यालाच थांबवावं लागेल. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण दर रविवारी इथे म्हणतो. त्या दिवशी हळदीच्या वाटीसह मी वळले तेव्हा ते शब्द माझ्याकडेही होते.

म्हणून माझं मागणं लहान आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे व्हॅलिडिटी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर आठवा, आपल्या भावकीत कुणाचं लेकरू आईजवळ वाढतंय का. असेल तर त्यांनी मागायची वाट बघू नका. व्हॅलिडिटीची झेरॉक्स आणि वंशावळीत तुमचं नातं कसं येतं ते एका कागदावर लिहून त्या आईला पाठवा. दहावीत असतानाच पाठवा, बारावीच्या निकालानंतर नको. फाईल कशी करायची ते मी आणि गुरुजींच्या मदतीने शिकलेली ताईची मुलगी, आम्ही दोघी पुढच्या रविवारपासून दहा ते बारा इथेच बसणार आहोत. कॉलेज सुटी असते तिची.

आणि पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या घरात लग्न आहे. नवरीच्या आईशी माझं बोलणं झालंय. ती म्हणाली, “सवाष्णी नको म्हणू तर काय म्हणू मग?” मी म्हटलं, “बायांनो, पुढं या, एवढंच म्हणा.” ताईला मी आधीच सांगून ठेवलंय, पातेल्यांजवळ बसू नकोस. ती म्हणाली, बघू.

जयभीम.